अनुवादकाचं बिल: शब्दाचा दर, दुरुस्तीच्या फेऱ्या आणि रद्द झालेलं काम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत घरी बसून पुण्या-मुंबईच्या एजन्सींसाठी अनुवाद करणारे बरेच जण आहेत. त्यांचे बिलाबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, आणि त्यातला सर्वात दुखरा म्हणजे काम अर्ध्यावर थांबलं तर बिल कसं करायचं. खालच्या उत्तरांत एकच काम शेवटपर्यंत धरलं आहे. रावेरच्या एका अनुवादिकेला पुण्याच्या एजन्सीने केळी लागवडीची इंग्रजी पुस्तिका मराठीत करायला दिली: 12,000 शब्द, शब्दाला 2 रुपये. हे काम आणि त्यातले आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. तुमचा दर वेगळा असेल, पण हिशोबाची पद्धत तीच राहील.

शब्द कोणते मोजायचे, मूळ मजकुरातले की अनुवादातले?

इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या कामात मुळातले शब्द मोजा. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत बसतो. हजार इंग्रजी शब्दांचे मराठीत बहुतेकदा आठशेच्या आसपास होतात, तांत्रिक मजकुरात थोडं इकडेतिकडे. दर तोच ठेवून कोणी मराठी शब्द मोजायला सांगितले तर पाचव्या हिश्श्याचं काम फुकट जातं. त्यातून आपण जितकं नेटकं आणि आटोपशीर लिहू तितकी आपलीच कमाई कमी होणार, हे तर मुळीच पटण्यासारखं नाही.

मूळ शब्द मोजण्याचा दुसरा मोठा फायदा असा की आकडा कामाआधीच कळतो. रावेरच्या कामात 12,000 गुणिले 2, म्हणजे 24,000 रुपये, हे दोघांनाही पहिल्याच दिवशी माहीत होतं. रद्द झालेल्या कामाचा हिशोब याच आकड्यावर उभा राहतो. एकूण काम किती होतं हेच ठरलेलं नसेल, तर किती राहिलं हे कुठून सांगणार?

मला वर्डमध्ये एक आकडा दिसतो, एजन्सी दुसराच सांगते. कोणाचा धरायचा?

आधी फरक कुठून आला ते शोधा. वर्डमध्ये Review टॅबखाली Word Count उघडलं की तळटिपा आणि चौकटीतला मजकूर मोजायचा की नाही याची एक खूण असते. ती काढलेली असेल तर आकडा कमी दिसतो. पुस्तिकेसारख्या कामात चित्रांखालच्या ओळी बऱ्याचदा अशा चौकटींत असतात. चित्राच्या आतच छापलेली अक्षरं, म्हणजे आकृतीतली नावं वगैरे, कोणत्याच मोजणीत येत नाहीत. ती हाताने मोजून वेगळी ओळ म्हणून आधीच कळवावी लागतात.

दुसरं कारण म्हणजे पुनरावृत्ती. एजन्सी अनुवादाचं सॉफ्टवेअर वापरत असेल तर ते पुन्हा पुन्हा येणारी वाक्यं ओळखतं आणि त्यांना कमी दर लावतं. ही सूट मान्य करायची की नाही हा तुमचा निर्णय आहे, पण तो कामाआधी घ्यायचा. मान्य केलीत तर मोजणीचा तक्ता मागून घ्या आणि मेलसोबत जपून ठेवा. काम सुपूर्द केल्यावर अचानक आलेला सुटीचा तक्ता स्वीकारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखतं यांची मोजणी कशी करायची?

स्कॅन केलेल्या किंवा हस्ताक्षरातल्या कागदाची मोजणी संगणक भरवशाने करू शकत नाही. अशा मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्या कामाला तयार झालेल्या इंग्रजी मजकुरावर दर सांगा, आणि आधी एका पानाची मोजदाद करून अंदाज लेखी द्या. इथे वरच्या उलट होतं, इंग्रजी शब्द जास्त भरतात. म्हणून दर सांगताना ‘इंग्रजी शब्दाला’ हे शब्द लिहायलाच हवेत. एका पानाच्या कामाला शब्दाचा हिशोब परवडत नाही, त्यासाठी किमान शुल्क ठेवा.

अहिराणीतल्या कामाला हाच दर लावावा का?

नाही. अहिराणी मजकुराला अनुवादाइतकंच काम पडताळणीचं असतं. धुळ्याकडचं रूप आणि चाळीसगावकडचं रूप सारखं नसतं, आणि ज्या गावांसाठी मजकूर आहे तिथल्या माणसाला वाचून दाखवावाच लागतो. अनुवादाचा दर शब्दावर ठेवा आणि पडताळणीचे तास वेगळ्या ओळीत लावा.

दुरुस्तीची एक फेरी म्हणजे नेमकं काय?

मनस्ताप टाळायचा असेल तर ही व्याख्या कामाच्या मेलमध्येच लिहा. मी वापरते ती अशी: अनुवाद सुपूर्द केल्यापासून 10 दिवसांच्या आत, ग्राहकाकडच्या सर्वांच्या सूचना एकत्र करून, एकाच फाइलमध्ये, एकदा पाठवलेल्या सूचना म्हणजे एक फेरी. अशा दोन फेऱ्या दरात धरलेल्या आहेत. 10 दिवसांत काही आलं नाही तर काम स्वीकारलं असं समजलं जाईल.

आता सूचना तीन जातीच्या असतात, आणि बिलाच्या दृष्टीने त्या वेगळ्या काढता यायला हव्यात.

पहिली जात अनुवादकाच्या चुकांची. आकडा चुकला, वाक्य गळलं, अर्थ उलटा झाला. ही दुरुस्ती कधीही, कितव्याही फेरीनंतर, विनामूल्य करायची आणि ती फेरीत मोजायचीही नाही. इथे हिशोब करत बसू नये.

दुसरी जात पसंतीची. अनुवाद बरोबर आहे, पण ग्राहकाला वेगळा शब्द हवा आहे. आपल्या पुस्तिकेत अनुवादिकेने ‘खोडवा’ लिहिलं होतं. एजन्सीच्या कृषी तज्ज्ञाने सगळीकडे ‘पिलबाग’ करायला सांगितलं, कारण रावेर-यावलकडचा शेतकरी तसंच म्हणतो. सूचना योग्यच होती. ही दुरुस्ती फेरीत बसते, तिचे वेगळे पैसे नाहीत. मात्र तिसऱ्या फेरीत तोच शब्द पुन्हा बदलायला सांगितला तर तासाचा दर लागतो. याच्यावर चांगला उपाय म्हणजे मुख्य तीस-चाळीस शब्दांची यादी सुरुवातीला मंजूर करून घेणं. मृगबाग, कांदेबाग, नवती, पिलबाग, मुनवे हे शब्द पहिल्याच आठवड्यात पक्के झाले की अर्धी फेरी वाचते.

तिसऱ्या जातीत मूळ इंग्रजी मजकूरच बदललेला असतो. ती दुरुस्ती नव्हे, नवीन काम आहे.

तज्ज्ञ, जाहिरात विभाग आणि मालक, तिघेही वेगवेगळ्या दिवशी सूचना पाठवतात. काय करावं?

पहिल्या मेलवर लगेच हात घालू नका. पोच द्या आणि विचारा: “आणखी कोणाच्या सूचना यायच्या आहेत का? सगळ्या एकत्र आल्या की मी फेरी सुरू करते.” यात उद्धटपणा काहीच नाही. एजन्सीच्या समन्वयकालाही ते सोयीचं पडतं, कारण तिघांच्या परस्परविरोधी सूचनांचा निवाडा तिकडेच व्हायला हवा. व्हॉट्सॲपवर आलेली सूचनाही मेलवर घ्या: “आपलं फोनवर जे बोलणं झालं त्याप्रमाणे पुढचे बदल करते,” एवढी एक ओळ पुरते.

मूळ मजकूर बदलला तर नवे शब्द कसे मोजायचे?

जुनी आणि नवी इंग्रजी फाइल वर्डच्या Compare मध्ये टाका. बदललेली वाक्यं ठळक दिसतात. बदललेलं प्रत्येक वाक्य पूर्ण मोजायचं, कारण एक शब्द बदलला तरी अख्खं मराठी वाक्य पुन्हा बसवावं लागतं. पुस्तिकेतलं खतांच्या मात्रांचं प्रकरण सुपूर्द झाल्यावर एजन्सीने त्याची नवी आवृत्ती पाठवली. तुलना केल्यावर बदललेली वाक्यं 600 शब्दांची निघाली. अनुवादिकेने काम सुरू करण्याआधी मेल केला: “नव्या आवृत्तीत 600 शब्द बदलले आहेत, 2 रुपयांप्रमाणे 1,200 रुपये जास्तीचे होतील, चालेल का?” ‘हो’ आल्यावरच हात लावला. हा ‘हो’ बिलाच्या वेळी फार कामाला येतो.

काम रद्द झालं तर किती शुल्क लावावं?

रद्द झालेल्या कामाचे तीन तुकडे असतात. सुपूर्द केलेलं काम, तुमच्याकडे झालेलं पण न पाठवलेलं काम, आणि ज्याला हातच लावला नाही असं काम. रद्द शुल्क फक्त तिसऱ्या तुकड्यावर असतं. पहिल्या दोन तुकड्यांचे पैसे हे मेहनताना आहेत, त्यांना शुल्क म्हणू नका. नाहीतर ग्राहक त्यावरच घासाघीस सुरू करतो.

तिसऱ्या तुकड्यावर मी उरलेल्या रकमेच्या 25 टक्के लावते. तुम्ही त्या दिवसांसाठी दुसरी कामं नाकारलेली असतात, त्याची ही भरपाई. पूर्ण रक्कम मागण्याचा मोह टाळा. भारतीय करार कायदा, 1872 मधल्या कलम 74 प्रमाणे करारात नुकसानभरपाईची रक्कम आधी ठरवलेली असली तरी वाजवी तेवढीच मिळते, ठरलेला आकडा ही वरची मर्यादा असते. न केलेल्या कामाचे शंभर टक्के कोणालाच वाजवी वाटणार नाहीत. कामाला सुरुवात होण्याच्या बरंच आधी कळवलं असेल तर शुल्क सोडून द्यावं. तुम्हाला दुसरं काम घ्यायला वेळ मिळालेला असतो.

मेलमध्ये घालायची अट अशी लिहिता येईल:

“काम सुरू झाल्यावर रद्द केल्यास सुपूर्द केलेल्या शब्दांचा पूर्ण दर, तयार पण न तपासलेल्या शब्दांचा 75 टक्के दर आणि उरलेल्या शब्दांच्या रकमेच्या 25 टक्के रद्द शुल्क देय राहील. ग्राहकाकडून 15 दिवस काम थांबल्यास ते रद्द झालं असं धरलं जाईल. भाषांतर वापरण्याचा हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावर ग्राहकाकडे जाईल.”

“रद्द नाही हो, थोडं होल्डवर ठेवा,” असं सांगतात तेव्हा?

वरच्या अटीतलं 15 दिवसांचं वाक्य त्यासाठीच आहे. माझ्या पाहण्यात सरळ ‘रद्द’ असा मेल क्वचितच येतो. आधी ‘होल्ड’ येतं, मग महिनाभर शांतता, आणि मग तुम्हीच विचारल्यावर “ते काम तर बंद झालं”. तोवर तुमचे राखून ठेवलेले दिवस गेलेले असतात आणि तुमच्याकडे रद्द झाल्याची तारीखही नसते.

होल्डचा मेल आला की त्याच दिवशी उत्तर द्या, आणि त्यात आजच्या तारखेला काम कुठवर आलं आहे ते शब्दांच्या आकड्यांत लिहा: “आजपर्यंत 5,000 सुपूर्द, 2,500 तयार, 4,500 बाकी. ठरल्याप्रमाणे 15 दिवस वाट पाहते.” सोबत तयार मसुद्याची फाइल तुमच्या स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. पुढे कोणी म्हणालं की हे 2,500 शब्द नंतर केले, तर तारखेचा पुरावा हाताशी असतो. पंधरा दिवसांनी बिल पाठवा. काम पुन्हा सुरू झालं तर नवी तारीख ठरवून राहिलेले शब्द करा आणि घेतलेलं रद्द शुल्क पुढच्या बिलातून वळतं करा. असं केलं की ग्राहकही अट मानायला कुरकुर करत नाही.

मग प्रत्यक्ष बिलात काय लिहायचं?

रावेरच्या कामाचं प्रकाशकाकडे बिनसलं आणि ते थांबलं. पहिला भाग 5,000 शब्दांचा सुपूर्द झाला होता. पुढचे 2,500 शब्द कच्च्या मसुद्यात होते, 4,500 शब्दांना हात लागला नव्हता. त्याशिवाय खतांच्या प्रकरणाचे 600 शब्द. बिलाच्या ओळी अशा झाल्या:

```
1. भाग 1, सुपूर्द       5,000 × 2.00      10,000
2. भाग 1, बदललेला मूळ     600 × 2.00       1,200
3. भाग 2, कच्चा मसुदा    2,500 × 1.50       3,750
4. रद्द शुल्क   (4,500 × 2.00) चे 25%       2,250
                        एकूण              17,200
                        वजा अग्रिम          6,000
                        बाकी येणे         11,200
```

मसुद्याला 1.50 का, असं विचारलं जातं. त्या 2,500 शब्दांवरून शेवटचा हात फिरलेला नव्हता, शब्दांची यादी पडताळलेली नव्हती. न केलेल्या तपासणीचे पैसे मागू नयेत. मसुदा ‘न तपासलेला’ असा शिक्का मारून बिलासोबत पाठवायचा, म्हणजे ग्राहकाला पैशाच्या बदल्यात काहीतरी हातात मिळतं.

या ओळींशिवाय बिलावर बिल क्रमांक, तारीख, दोघांची नावं-पत्ते, तुमचा पॅन, खाते क्रमांक, आयएफएससी आणि पैसे देण्याची शेवटची तारीख हवी. प्रत्येक ओळीखाली ती कोणत्या मेलमध्ये ठरली त्याची तारीख लिहा. एजन्सीच्या हिशोबनीसाला तुमचं काम माहीत नसतं. त्याला चौथी ओळ अनोळखी दिसली की तो अख्खं बिल बाजूला ठेवतो. ‘अट: कामाच्या मंजुरीचा मेल, तारीख अमुक’ एवढं लिहिलं की तो समन्वयकाला विचारून मोकळा होतो.

अग्रिम 6,000 ठरला होता, खात्यात 5,400 आले. बिलात किती वजा करू?

6,000 वजा करा. मधले 600 टीडीएस म्हणून तुमच्याच नावाने सरकारकडे भरलेले आहेत. व्यावसायिक शुल्कावर टीडीएस 10 टक्के असतो आणि एका वर्षात एका ग्राहकाकडून 50,000 रुपयांच्या वर रक्कम गेली की तो कापणं भाग पडतं. 1 एप्रिल 2025 पूर्वी ही मर्यादा 30,000 होती. आपल्या उदाहरणात या एजन्सीकडची वर्षाची रक्कम आधीच ती मर्यादा ओलांडून गेली होती. उरलेल्या 11,200 वर 1,120 कापले जाऊन 10,080 खात्यात येतील. बिलात मात्र कापण्याआधीचेच आकडे लिहायचे. टीडीएस स्वतः वजा करून बिल पाठवलं तर तिकडे तो पुन्हा कापला जाण्याची भीती असते. पॅन दिला नाही तर कपात 20 टक्क्यांवर जाते.

बिलावर टीडीएसचं कलम लिहू नका. 194J हे कलम जुन्या कायद्यातलं आहे, 1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकर कायदा, 2025 लागू होतो आणि त्यात क्रमांक बदलले आहेत. ‘अनुवादाचं व्यावसायिक शुल्क’ एवढं पुरे. कापलेली रक्कम तुमच्या नावावर जमा झाली का, हे प्राप्तिकराच्या पोर्टलवर कर कपातीच्या विवरणात तपासत राहा.

जीएसटी लावायचा का?

वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, ग्राहक दुसऱ्या राज्यातला असला तरी. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावणं बेकायदा आहे. ‘जीएसटी नोंदणी नाही’ अशी ओळ लिहा, म्हणजे पलीकडून क्रमांकासाठी बिल परत येत नाही. नोंदणी असलेल्यांना अनुवाद सेवेवर 18 टक्के लावावे लागतात आणि सेवेचा कोड 998395 असतो.

आधी रद्द शुल्काबद्दल काहीच ठरलं नव्हतं. तरी लावू का?

बिलात लावू नका. झालेल्या कामाचे पैसे, सुपूर्द असो की मसुदा, मागण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि तेवढं बिल लगेच पाठवा. न ठरलेलं शुल्क त्यात घुसडलं की वाद त्या एका ओळीचा होतो आणि हक्काचे पैसेही अडकतात. शुल्काची मागणी वेगळ्या मेलमध्ये, विनंती म्हणून करा. काही ग्राहक देतात, काही पुढच्या कामात दर वाढवून देतात. पुढचं काम घेताना मात्र अट पहिल्या मेलमध्येच घाला.

बिल पाठवून दोन महिने झाले, पैसे नाहीत. काय करता येतं?

उद्यम नोंदणी असेल तर हातात बळ असतं. ती `udyamregistration.gov.in` वर विनामूल्य होते, आणि घरून अनुवाद करणाऱ्या एकट्या माणसालाही सूक्ष्म उद्योग म्हणून मिळते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 प्रमाणे लेखी ठरलेलं असलं तरी 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही, आणि काही ठरलं नसेल तर 15 दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ पद्धतीने, लागू होतं. नोंदणी काम घेण्याआधीची हवी. उधारी थकल्यावर केलेली नोंदणी जुन्या बिलाला उपयोगी पडत नाही.

तक्रारीपर्यंत जाण्याआधी एजन्सीच्या हिशोब विभागाला एक साधा मेल लिहा. त्यात बिल क्रमांक, देय तारीख आणि उद्यम क्रमांक असू द्या, आणि मुदत उलटल्यावर हा खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच वजावटीला धरता येतो याची आठवण करून द्या. मार्चच्या सुरुवातीला हा मेल गेला तर हिशोबनीस तो वरच्या साहेबांकडे स्वतःहून नेतो. तरीही पैसे आले नाहीत तर सूक्ष्म आणि लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. अर्जाला कामाच्या मंजुरीचा मेल, सुपूर्द केल्याचा मेल, होल्डच्या दिवशी लिहिलेला शब्दांचा हिशोब आणि बिल, हे चार कागद जोडा.